पाडव्याच्या सकाळचे पत्र

दिवाळी पाडव्याला सकाळी छोट्या गावचा कापड दुकानदार तसा निवांत असतो. धनत्रयोदशीपासून लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळपर्यंत त्याला मान वर करायलाही फुरसत मिळालेली नसते. आदल्या रात्री वहीपूजन झालेले असते, वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' उमटलेला असतो, गल्ल्यासमोरची झेंडूची फुले थोडी सुकलेली असतात. अशा वेळी तो चहा घेत मोबाइल हातात घेतो. सूत देणाऱ्यांपासून शिलाई यंत्राच्या एजंटापर्यंत सगळ्यांचे दिवे, सगळ्यांच्या पणत्या, सगळ्यांच्या समृद्धीच्या शुभेच्छा एकाखाली एक उभ्या असतात. तो अंगठ्याने त्या सरकवत जातो. त्यातला एखादाच मजकूर तो थांबून वाचतो, आणि क्वचित घरात हाक मारून वाचूनही दाखवतो.

असा एक मजकूर कसा तयार झाला ते मला सांगायचे आहे. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरातल्या एका घाऊक कापडाच्या पेढीवर मी काही वर्षे हिशेब लिहिले. आता ते काम सुटले, पण दिवाळीच्या आधी मालकांचा निरोप येतो आणि किरकोळ दुकानदारांना जाणारे शुभेच्छापत्र लिहायला मी जाऊन बसतो. गांधीनगर म्हणजे वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांची छावणी इथे होती, फाळणीनंतर सिंधी कुटुंबे तिथे आली, आणि त्यांच्या हातून कापडाची ही घाऊक बाजारपेठ उभी राहिली. सांगली, सोलापूर, सिंधुदुर्ग आणि सीमेपलीकडच्या बेळगाव भागातले दुकानदार इथे माल भरायला येतात.

या पेढीचे बांधलेले गिऱ्हाईक साधारण पावणेदोनशे दुकाने. बहुतेक तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गावची. त्यांच्याशी व्यवहार उधारीचा. माल आज उचलायचा, पैसे मुदतीने द्यायचे, रोखीने दिले तर वटाव कापून घ्यायचा. वर्षभराचे खाते दिवाळीला मिटवायचे. सरकारी हिशेबाचे वर्ष सगळ्यांसाठी एकच, मार्चअखेर संपणारे, झाले त्याला आता साडेतीन दशके उलटून गेली. पण बाजाराच्या मनातले वर्ष अजून दिवाळीलाच बदलते. म्हणून दिवाळीचे पत्र ही नुसती सणाची शुभेच्छा नसते. जुने खाते मिटले, नवे सुरू होते आहे, आणि आपण पुढेही एकमेकांचे आहोत, एवढे सगळे त्यात न बोलता असते.

गेल्या दिवाळीचे, म्हणजे 2025चे पत्र समजून घ्यायचे तर त्या वर्षीचे पंचांग समोर ठेवावे लागते. पाडवा 22 ऑक्टोबरला होता. लाभपंचमी 26ला, रविवारी. तुळशीचे लग्न 2 नोव्हेंबरला. आहेराच्या साड्यांचा मोठा भाग सुरतेहून येतो आणि सुरतेचा बाजार दिवाळीला बंद झाला की लाभपंचमीलाच उघडतो. उघडला तरी यंत्रमाग आणि छपाईचे कारखाने लगेच भरात येत नाहीत, कारण तिथले कारागीर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडचे. दिवाळी आणि छठपूजेसाठी गावी गेलेला माणूस परतायला दिवस लागतात. मग माल तयार व्हायचा, गठ्ठे बांधायचे, ट्रान्सपोर्टला लागायचे, बिल्टी यायची. इकडे मात्र तुळशीचे लग्न लागले की लोक बस्त्याला बाहेर पडतात. लाभपंचमी ते तुळशीचे लग्न, मध्ये सातच दिवस.

या सात दिवसांत घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात जे आहे तेच खरे. दुकानदाराला हे ठाऊक नसते असे नाही, पण दिवाळीच्या गर्दीत त्याचे तिकडे लक्ष नसते. त्याला नेमक्या वेळी याची आठवण करून देणे यात त्याचे हित आहे, आणि व्यापाऱ्याचेही आहे. शुभेच्छापत्रात मालाचा विषय काढायचाच असेल तर तो या जागी काढावा असे माझे मत आहे. दोघांचे हित जिथे एक होते तिथेच मालाची गोष्ट सणाच्या पत्रात खपते.

हे आम्हाला आधीच्या एका वर्षी चुकून शिकावे लागले. त्या वर्षी पेढीवरच्या नव्या पिढीने छान रंगीत चित्र करून घेतले होते. वर पणत्या, मध्ये लक्ष्मी, खाली साड्यांचे आठ फोटो आणि प्रत्येकाखाली ठळक भाव. 'पाडवा स्पेशल' म्हणून वटावही जाहीर केला होता. शेवटी लहान अक्षरात, मागील बाकी त्वरित जमा करावी. ते चित्र सगळ्या दुकानदारांचा एक व्हॉट्सॲप गट करून त्यात टाकले गेले.

दुपारपर्यंत चार फोन आले. पहिला फोन मंगळवेढ्याकडच्या एका दुकानदाराचा. त्यांचा मोबाइल गल्ल्याशेजारी पडलेला असतो, मुलगा त्यावर गिऱ्हाइकाला डिझाइन दाखवतो. त्या दिवशी साडी बघायला आलेल्या बाईंनी घाऊक भाव वाचला आणि हातातली साडी खाली ठेवली. दुसरा फोन एकाच गावातल्या दोन दुकानदारांपैकी एकाचा. समोरचा आणि मी एकाच पेढीचा माल आणतो हे त्यांना गटातून कळले होते, आणि समोरच्यालाही. उरलेले दोन फोन बाकीच्या ओळीबद्दल होते. त्यातल्या एकांची बाकी खरोखरच होती, पण ते म्हणाले, "शेठ, लक्ष्मीपूजनाला माझ्या पोराने वाचलं ते." त्यानंतर मालकांनी काही सांगायची गरज उरली नाही.

म्हणून दोन गोष्टी तेव्हाच कायमच्या ठरल्या. पत्रात भाव लिहायचा नाही आणि बाकी मागायची नाही. वसुलीचे फोन नवरात्राच्या आधी संपवायचे. ज्याची बाकी तरीही उरली त्यालाही पत्र तेच जाईल, त्याच मायेने. बाकीचा विषय लाभपंचमीनंतर, तोंडी, मालकांनी स्वतः.

गेल्या वर्षीचा पहिला मसुदा पेढीवरच्या धाकट्या पुतण्याने लिहिला होता. मुलगा हुशार आहे, वाणिज्य शाखेचा पदवीधर. मसुदा असा होता:

'दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा! ही दिवाळी आपल्या जीवनात सुख, समृद्धी आणि भरभराट घेऊन येवो. आगामी लग्नसराईसाठी आमच्याकडे आहेर साडी, खण, इरकल, ड्रेस मटेरियलचा भव्य नवीन स्टॉक दाखल होत आहे. आकर्षक डिझाइन, वाजवी दर. आजच बुकिंग करा आणि निश्चिंत राहा. आपला व्यवसाय उत्तरोत्तर वाढत जावो हीच सदिच्छा.'

यात भाव नव्हता, बाकी नव्हती. तरीही मालकांनी चष्मा काढून ठेवला. ते म्हणाले, "हे अण्णांना लिहिलंय का कुणाला?" अण्णा म्हणजे जतचे एक जुने दुकानदार. आम्ही पत्र लिहिताना नेहमी त्यांना समोर धरतो. मसुद्यातले एकही वाक्य फक्त अण्णांना लागू पडेल असे नव्हते. ते वाक्य कोल्हापूरच्या सोनाराने धाडले असते तरी चालले असते. 'दाखल होत आहे' हा दुसरा घोटाळा. बाजारात माणूस क्रियापद पारखून घेतो. 'माल आला आहे' म्हणजे गोदामात आहे, येऊन बघा. 'माल निघाला आहे' म्हणजे बिल्टी हातात आहे, दोन-चार दिवस थांबा. 'माल यायचा आहे' म्हणजे अजून सुरतेच्या कारखान्यातच आहे आणि त्यावर कुणाला शब्द देऊ नका. 'दाखल होत आहे' यातले काहीच सांगत नाही. ज्या दुकानदाराने त्यावर विसंबून एखाद्या लग्नघराला शब्द दिला त्याची फजिती होते, आणि ती तो विसरत नाही.

तिसरी गोष्ट मला खटकली ती 'आजच बुकिंग करा'. पाडव्याच्या सकाळी माणसाला कामाला लावू नये. अण्णा त्या दिवशी ओवाळून घेतात, नवे धोतर नेसतात, बैलांना सजवतात. त्यांना आज काही करायला सांगणारे पत्र शुभेच्छेचे राहत नाही, ते मागणीचे होते.

आम्ही तिघांनी मिळून जे शेवटी लिहिले ते हे:

॥ श्री ॥

अण्णा, स. न. वि. वि.

दिवाळी पाडव्याच्या तुम्हाला, वहिनींना आणि घरातल्या सगळ्यांना मनापासून शुभेच्छा. श्रावणात तुम्ही पेढीवर आलात तेव्हा धाकट्याला दुकानात बसवायचं म्हणत होतात. आता तो गादीवर बसू लागला असेल. त्याला आमचा आशीर्वाद सांगा.

नवरात्रात तुम्हाला इकडे यायला जमलं नाही आणि इरकलीची निवड तुम्ही फोनवरून आमच्यावर सोपवलीत. एवढा विश्वास टाकलात हे लक्षात आहे.

पेढी लाभपंचमीला, रविवारी 26 तारखेला उघडतोय. तुळशीचं लग्न त्यानंतर आठवड्यात आहे आणि सुरतेचा नवा माल तोवर हाती लागणं अवघड, म्हणून आहेराच्या साड्या आणि गुळेदगुडचा खण दसऱ्यालाच आणून गोदामात लावून ठेवला आहे.

आणखी एक, पंचांग बघताना लक्षात आलं. पुढच्या वर्षी ज्येष्ठ अधिक आहे, 17 मे ते 15 जून. मोठी लग्नं वैशाखातच दाटतील आणि धोंड्याला लेक-जावयाचे कपडे लागतील. सवड झाली की यावर बोलू.

आईंची तब्येत जपा. लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,

(खाली मालकांचे नाव, पेढीचे नाही.)

या पत्रात मालाची म्हणून दोनच वाक्ये आहेत. पहिल्यात माल कुठे आहे ते सांगितले, दुसऱ्यात तर माल हा शब्दही नाही. पण अण्णांसारख्याने ते दुसरे वाक्य वाचल्यावर तो कॅलेंडर काढणारच, हे मालकांना पक्के माहीत होते.

अधिक महिन्याचा हिशेब जरा सविस्तर सांगतो, कारण पत्राचा जीव त्यात होता. दर बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी येणाऱ्या या महिन्यात लग्नाचे मुहूर्त नसतात. 2026मध्ये तो नेमका ज्येष्ठात आला, भर उन्हाळी लग्नसराईत. अक्षय्य तृतीया एप्रिलच्या 19-20ला, आणि अधिक ज्येष्ठ सुरू होणार 17 मे रोजी. म्हणजे उन्हाळी लग्नांचा मोठा जोर साधारण चार आठवड्यांत कोंबला जाणार. एरवी असे दुकान बस्त्याचा माल दोन खेपांत भरते, एक मार्चमध्ये आणि दुसरी मेच्या सुरुवातीला, पहिल्या खेपेत काय खपले ते बघून. या वर्षी दुसरी खेप पोहोचेपर्यंत वैशाख संपत आलेला असणार. निज ज्येष्ठ जूनच्या उत्तरार्धात, तेव्हा मुहूर्त निघाले तरी शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे आणि हात पेरणीत.

हे झाले नुकसानीचे. अधिक महिन्यात कापडाचे काम बंद पडत नाही, त्याचे रूप बदलते. आपल्याकडे हा धोंड्याचा महिना. लेक-जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे करतात, तेहेतीस अनारशांचे वाण देतात, आणि जावयाला पँट-शर्टाचे कापड किंवा पोशाख, लेकीला साडी. जत, सांगोला, मंगळवेढा भागात हे अजून घरोघर आहे. ज्या दुकानात लग्नाचा माल ठासून भरला आणि शर्टिंग-सुटिंगचे तागे कमी पडले, त्याला या महिन्यात हात हलवत बसावे लागते. पत्रातल्या त्या एका वाक्याने अण्णांना सहा महिने आधी याची जाणीव दिली. व्यापाऱ्याने विकायचा माल पुढे केला नाही, दुकानदाराच्या गिऱ्हाइकाची गरज पुढे केली.

खणाचा उल्लेखही उगीच नव्हता. गुळेदगुड बागलकोट जिल्ह्यातले गाव, तिथला खण चोळीसाठी जुन्या बायका नावाने मागतात. अलीकडे तरुण मुली त्याचे ब्लाउज, पर्स आणि साड्याही घेऊ लागल्या. अण्णांच्या दुकानात कर्नाटकाच्या हद्दीतले गिऱ्हाईक बरेच, म्हणून त्यांच्या पत्रात खण आला. वेंगुर्ल्याच्या एका ताईंच्या दुकानाला गेलेल्या पत्रात खणाऐवजी सुती नऊवारीचा उल्लेख होता, कारण त्यांच्याकडे ती मागितली जाते. एकाच पत्रात सहा मालांची नावे घातली की कोणताच माल डोळ्यासमोर उभा राहत नाही.

आता प्रश्न येतो, पावणेदोनशे जणांना असे वेगळे पत्र कोण लिहिणार? पेढीवर यासाठी एक साधी वही आहे. वर्षभर कोणी आले, फोनवर काही सांगितले, की मालक त्या दुकानाच्या नावापुढे एक ओळ टिपतात. 'मुलगा दुकानात बसणार', 'आईंचे डोळ्याचे ऑपरेशन', 'समोर नवे दुकान निघाले'. दसऱ्यानंतर तीन संध्याकाळी आम्ही ती वही घेऊन बसलो. सुमारे चाळीस जुन्या दुकानदारांना प्रत्येकाचे स्वतंत्र पत्र. बाकीच्यांना मधला मजकूर एकच, पण नाव, संबोधन आणि एक ओळ वेगळी. कुणाला अण्णा, कुणाला दादा, कुणाला वहिनी, कुणाला नुसते 'मालक'. आमच्याकडे व्यवहारात जे बोलावणे आहे तेच पत्रात. फोनवर 'काय अण्णा' म्हणणाऱ्याने पत्रात 'आदरणीय ग्राहक महोदय' लिहिले की पत्र कुणीतरी दुसऱ्यानेच लिहिले हे लगेच कळते.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जणांना एकदम पाठवता येते, म्हणजे आमची सगळी यादी एकाच वेळी सहज बसली असती. तरी आम्ही ते टाळले, आणि फक्त स्वतंत्र ओळ न लिहिलेल्या थोड्या जणांसाठी ठेवले. त्यातही एक अडचण ध्यानात ठेवावी लागते. ज्याने आपला नंबर त्याच्या मोबाइलमध्ये साठवलेला नाही त्याला ब्रॉडकास्टने पाठवलेला मजकूर पोहोचतच नाही. नुकतेच मोबाइल बदललेले दोन-तीन दुकानदार दरवर्षी असे सुटतात. त्यांना वेगळे पाठवावे लागते. पाचजणांना मात्र अजून पोस्टाने कागदी पत्र जाते, कोपऱ्याला हळद-कुंकू लावलेले. ते वसूबारसेच्या आधी पेटीत पडले पाहिजे, नाहीतर भाऊबीज उलटते.

फोटोचा प्रश्न थोडक्यात सांगतो. एकच फोटो पाठवतो, गोदामातल्या फळीवरच्या तागांचा, दुपारच्या उजेडात काढलेला. कारखान्याच्या कॅटलॉगमधला मॉडेलचा फोटो नाही. त्यातला रंग आणि प्रत्यक्ष साडीचा रंग यातला फरक दुकानदाराला गिऱ्हाइकासमोर सोसावा लागतो.

वेळ पाडव्याच्या सकाळी आठ ते नऊ. पुतण्याचे म्हणणे धनत्रयोदशीला पाठवू, पहिल्यांदा पोहोचेल. पण धनत्रयोदशीला दुकानदार पाठ टेकत नाही. त्याने पत्र पाहिले तरी ते पाहिल्यासारखे होत नाही आणि संध्याकाळपर्यंत खाली जाते.

गेल्या दिवाळीत यापेक्षा अवघड गोष्ट वेगळीच होती. सप्टेंबरात सीना नदीला महापूर आला. माढा, मोहोळ, करमाळा, पलीकडे परंडा, भूम. शेते वाहून गेली, कितीतरी गावांत पाणी घरात शिरले. या भागात पेढीची अकरा दुकाने आहेत. माढा तालुक्यातल्या एका दुकानात कमरेइतके पाणी होते, खालच्या दोन फळ्यांवरचा माल गाळात गेला. या अकरा जणांना पुढच्या सीझनचा माल सांगायचा का, यावर पेढीवर बराच वाद झाला. पुतण्या म्हणाला, त्यांनाही कधीतरी माल लागणारच. ते खोटे नव्हते. मी म्हणालो, भरभराट हा शब्द तरी त्या पत्रात नको.

मालकांनी शेवटी त्या अकरा जणांसाठी पत्र स्वतः लिहिले. त्यात दिवाळीच्या शुभेच्छा होत्या, पण पहिली ओळ विचारपूस होती, घरचे सगळे सुखरूप आहेत ना. मालाबद्दल एकच वाक्य. 'पाण्यात गेलेल्या मालाचा हिशेब आपण मार्चमध्ये बोलू, तोवर त्या बिलाची मुदत आमच्याकडून पुढे धरली आहे. आणि लागेल तेव्हा आहेराच्या साड्या पूर्ण सेटऐवजी अर्ध्या सेटनेही देऊ.' आहेराच्या साड्यांचा सेट आठ नगांचा असतो, आठ रंग, तो फोडून देणे घाऊक व्यापाऱ्याला परवडत नाही, कारण उरलेले चार रंग कुणी घेत नाही. तरी त्यांनी लिहिले. पिके गेलेल्या गावात लग्न पुढे ढकलले जाते, आणि झाले तर बस्ता छोटा होतो. तिथल्या दुकानदाराला मोठा माल नको असतो, थोडा माल अनेकदा हवा असतो. अधिक महिन्याचे वाक्य त्या पत्रांतून काढले.

परिणाम मोजायची आमची रीत अगदी साधी आहे. तिसऱ्या दिवसापर्यंत कोणी काय उत्तर दिले ते पाहायचे. 'आपणासही शुभेच्छा' एवढेच आले तर पत्र पोहोचले, पुढे काही नाही. उत्तरात प्रश्न आला तर पत्राने काम केले. 'खणाचे किती रंग?', 'रविवारी किती वाजता उघडताय?', 'अधिक नक्की ज्येष्ठातच का?' असे प्रश्न आलेल्यांना लाभपंचमीनंतर फोन. ज्यांनी नुसत्या शुभेच्छा दिल्या त्यांच्या मागे लागायचे नाही. पूर्वीच्या रंगीत चित्राला उत्तरे भरपूर आली होती, पण बहुतेक हात जोडल्याच्या चिन्हांची. या वेळी उत्तरे कमी आली, त्यांतली बरीच प्रश्नांची.

अण्णांचे उत्तर भाऊबीजेला रात्री आले. मुलगा गादीवर बसतोय, त्याने नमस्कार सांगितलाय. आई बरी आहे. मग एक ओळ: धोंड्याचं बरं सुचवलंत.

लाभपंचमीनंतरच्या बुधवारी ते मुलाला घेऊन आले. मुलाने वही काढली, मागच्या उन्हाळ्यातले बस्ते त्यात लिहिलेले होते, बारा. एका बस्त्यात आहेराच्या सरासरी पन्नास साड्या, म्हणजे सहाशे. तुळशीच्या लग्नापासून डिसेंबरपर्यंतचे चार-पाच बस्ते धरून त्यांनी 200 आहेराच्या साड्या उचलल्या, पंचवीस सेट. पुढचा शुक्राचा अस्त आणि धनुर्मास लक्षात घेऊन डिसेंबरच्या मध्यानंतरचे काही धरले नाही. खणाचे सहा तागे. मग अण्णा म्हणाले, "उन्हाळ्याचा माल एकाच खेपेत फेब्रुवारीअखेर देणार असाल तर मुदत एक महिना जास्तीची लागेल." मालकांनी ती दिली, कारण दुसऱ्या खेपेचा धोका त्यांच्याही डोक्यावरून उतरत होता. शर्टिंगचे आणि साड्यांचे धोंड्यासाठी वेगळे पार्सल एप्रिलमध्ये ठरले. जायच्या आधी मुलगा गोदामात गेला आणि फोटोतल्या फळीसमोर उभा राहून रंग ताडून पाहू लागला.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. नवीन गिऱ्हाईक असल्या पत्राने मिळत नाही. ज्याच्याशी वर्षभर बोलणे नाही त्याच्याबद्दल वहीत ओळ नसते, आणि ओळ नसेल तर पत्र पुन्हा सगळ्यांसारखेच होते. ज्या वर्षी मालाची खबर खरोखर नसेल त्या वर्षी मालाचे वाक्य काढून टाकावे. तीन-चार वर्षांपूर्वी आम्ही तसे केले होते, नुसत्या शुभेच्छा पाठवल्या, आणि त्याने धंद्याचे काही बिघडले नाही. आणि पत्रात लिहिलेले 'लावून ठेवला आहे' हे लाभपंचमीच्या सकाळी खरे ठरले नाही तर पुढच्या दहा दिवाळ्यांची पत्रे फुकट जातात. म्हणून मालक पत्र पाठवायच्या आदल्या दिवशी स्वतः गोदामात जाऊन फळ्या मोजतात.

माढ्याच्या त्या दुकानदाराने पाडव्याला काहीच उत्तर दिले नाही. डिसेंबरात एक दिवस ते न सांगता पेढीवर आले, चार सेट मागितले, अर्धे अर्धे करून. मालकांनी आठही सेट फोडायला लावले, म्हणजे त्यांना आठ प्रकारांतले चार-चार रंग निवडता आले. उरलेल्या बत्तीस साड्या अजून आमच्या फळीवर आहेत.

या वर्षी पाडवा 10 नोव्हेंबरला आहे, लाभपंचमी 14ला आणि तुळशीचे लग्न 21ला. पुन्हा सातच दिवस. कापडाच्या धंद्यातल्या माझ्या वाचकांना एकच विनंती आहे. आपल्या दुकानदारांच्या नावांची वही आजच उघडा, आणि ज्या नावापुढे लिहायला एकही ओळ सुचत नाही त्याला शुभेच्छा पाठवण्याआधी एकदा फोन करा.